सीट की स्पेशल?

डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षांच्या रांगेत उभं राहिलं की एक आरोळी सतत कानावर येते : "एक सीट, एक सीट!" मागे दोघं बसलेले असतात, त्यांना घरी जायची घाई असते, आणि रिक्षावाला तिसऱ्याची वाट बघत असतो. तिथून चार पावलांवर कोणीतरी स्पेशल रिक्षा ठरवत असतं. तिथे सगळं उलटं. भाडं ठरलेलं असल्यामुळे रिक्षावाला लगेच निघायला तयार असतो आणि प्रवासीच मान वळवून बघत असतो, आपल्या बाजूला जाणारं ओळखीचं कोणी दिसतंय का, म्हणजे भाडं वाटून घेता येईल. रिक्षा तीच, रस्ता तोच. पैसे सीटमागे की फेरीमागे, एवढं बदललं की रिकाम्या जागेची काळजी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

माझी वहिनी दहावीच्या गणिताची शिकवणी घरीच घेते. गेल्या एप्रिलमध्ये तिने मला वही पुढे करून विचारलं, "भाऊजी, मुलं वाढतायत, पण हातात काही राहतंय असं वाटत नाही. माझं कुठे चुकतंय?" माझी उभी हयात कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात गेली. एका बोल्टला किती पैसे पडतात हे काढणाऱ्याला एका मुलाला किती तास पडतात हे काढायला हरकत नसावी, म्हणून वही घेतली. त्या वहीत मला तो रिक्षा स्टँडच दिसला.

आधी तिची व्यवस्था सांगतो. दहा बाय बाराची खोली, जेवणाचं टेबल आणि त्याला जोडलेलं घडीचं टेबल, भिंतीवर पांढरा फळा. दहावीची एक बॅच, आठवड्याचे चार दिवस, दर वेळी दीड तास. सुरुवातीला चार मुलं होती आणि फी मुलामागे महिना १,२०० रुपये. हा आकडा कुठून आला, असं विचारलं तर म्हणाली, "समोरच्या इमारतीतल्या बाई तेवढेच घेतात." बहुतेक घरगुती शिकवण्यांची फी अशीच ठरते. समोरच्या बाईंनी ती कशी ठरवली, हे कोणी विचारत नाही. त्यांनीही बहुधा त्यांच्या समोरच्या बाईंना विचारलं असेल.

मी तिला एक आठवडाभर घड्याळ लावून काम लिहून काढायला सांगितलं. त्यातून दोन प्रकारची कामं वेगळी झाली. पहिलं बॅचचं काम. शिकवण्याचे सहा तास आणि तयारीचे, म्हणजे उदाहरणं निवडणं, चाचणीचा पेपर काढणं वगैरेचे दोन तास. चार मुलं असोत की आठ, हे आठ तास ठरलेले. महिना चार आठवड्यांचा धरला तर ३२ तास. दुसरं मुलाचं काम. बोर्डाचे बीजगणित आणि भूमिती हे चाळीस-चाळीस गुणांचे दोन वेगळे पेपर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या दोन वह्या. त्या वह्या, आठवड्याच्या चाचणीचा पेपर, रात्री फोनवर येणारा वहीचा फोटो आणि "काकू, हे कसं सोडवायचं?", मग आईचा फोन. हे सगळं मिळून मुलामागे आठवड्याला पाऊण तास भरला. महिन्याला तीन तास.

या दोन आकड्यांवर पुढचा सगळा हिशेब उभा आहे, म्हणून ते ज्याने त्याने स्वतःचे काढावेत. पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवणाऱ्यांचं मुलाचं काम याहून जास्त भरेल, कारण तिथे हात धरून लिहून घ्यावं लागतं. नुसतं तोंडी इंग्रजी शिकवणाऱ्यांचं जवळजवळ काहीच नसेल. शिकवणीला दुसऱ्याच्या घरी जावं लागत असेल तर येण्या-जाण्याचा वेळ बॅचच्या कामात घालायचा.

आता सीटचा हिशेब बघा. चार मुलं, १,२०० प्रमाणे ४,८०० रुपये. काम ३२ तास अधिक चार मुलांचे १२, म्हणजे ४४ तास. तासाला १०९ रुपये पडले. मुलं आठ झाली की ९,६०० रुपये आणि ५६ तास, तासाला १७१. उलट एखाद्या वर्षी दोनच मुलं आली तर २,४०० रुपयांसाठी ३८ तास, तासाला ६३. मुलामागे फी घेणाऱ्याचं उत्पन्न असं हेलकावे खातं. साहजिकच प्रत्येक नवं मूल तिला हवंसं वाटतं. दारात कोणी विचारायला आलं की तोंडून "या ना" निघून जातं. तो "एक सीट"वाला रिक्षावालाच झाला.

आणि आत बसलेल्या दोघांना काय वाटतं? पालकांना वाटतं, चार मुलं होती तेव्हा आम्ही १,२०० देत होतो, आता आठ आहेत आणि तरी १,२००च. हे गाऱ्हाणं नुसतं पैशाचं नाही, त्यात तथ्य आहे. दीड तासातला निम्मा वेळ फळ्यावर जातो आणि निम्मा टेबलाभोवती फिरण्यात. ही पंचेचाळीस मिनिटं चौघांत वाटली तर प्रत्येकाला अकरा मिनिटं येतात, आठ जणांत साडेपाच. वर्गसमीकरण सोडवताना कंस सोडवला आणि आतलं वजाचं चिन्ह बदलायचं राहिलं, ही दहावीतली रोजची चूक. चार मुलं असताना वहिनी ती पेन चालत असतानाच पकडायची. मूल तिथल्या तिथे खोडायचं आणि विषय संपायचा. आठ मुलं झाल्यावर तीच चूक दोन दिवसांनी वहीत दिसते. तोवर त्या मुलाने तशीच आणखी सहा उदाहरणं सोडवलेली असतात आणि चूक हाताला लागलेली असते.

बॅच प्रमाणाबाहेर भरली आहे हे कळायला तिने स्वतःची एक खूण ठेवली आहे, आणि ती मला फार आवडली. मागच्या चाचणीचे पेपर पुढच्या चाचणीच्या आधी मुलांच्या हातात पडले पाहिजेत. एकदा उशीर झाला तर घरात पाहुणे आले असतील. लागोपाठ दोनदा झाला तर मुलं जास्त झाली.

मग बॅचमागेच फी ठरवली तर? बॅचचे महिन्याला इतके, मुलं किती बसवायची ते पालकांनी बघावं. वहिनीने हेही करून पाहिलं होतं. जवळच्याच एका इमारतीतल्या पाच कुटुंबांनी मिळून नववीच्या मुलांसाठी तिला बोलावलं. ठोक ७,००० रुपये, त्यांच्यातल्याच एका घरी बसायचं, पैसे एका आईने गोळा करून द्यायचे. कुटुंबामागे १,४००. तिला वाटलं, चला, दर महिन्याला पाच जणांची वाट बघायला नको, एका हाताने पैसे आले.

गणपती झाल्यावर एका मुलीची मावसबहीण येऊन बसायला लागली. कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. कोणी का विचारावं? बॅच पालकांची, पैसे पालकांचे. सहा मुलं झाल्यावर वाटा १,१६७ वर आला आणि सगळ्या आया खूश झाल्या. वहिनीचे मात्र ७,०००चे ७,०००च राहिले आणि महिन्याचं तीन तासांचं काम वाढलं. ठोक फीमध्ये सातवं, आठवं, दहावं मूल आलं तरी तिच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही. दहा मुलं झाली असती तर एकूण काम ६२ तासांवर गेलं असतं आणि तासाला ११३ रुपये पडले असते. स्पेशल रिक्षात प्रवासी ओळखीच्यांना हात करून बोलवत राहतात आणि रिक्षाच्या स्प्रिंगा मालकाच्या बसतात.

हे एक झालं. ठोक फीचं खरं दुखणं मुलं कमी व्हायला लागल्यावर दिसतं. दिवाळीनंतर एका वडिलांची बदली झाली आणि एक मुलगा मोठ्या क्लासला गेला. राहिली चार मुलं. वाटा १,७५० झाला. एका घरी ते परवडेना, त्यांनी काढता पाय घेतला. आता तिघं, वाटा २,३३३. एवढ्या पैशात तर एकट्या मुलासाठी स्वतंत्र शिकवणी मिळेल, असं त्यातल्या एकीने बोलून दाखवलं आणि जानेवारीत बॅच मोडली. मुलांच्या वार्षिक परीक्षेला तीन महिने उरले होते. पहिला गेला म्हणून दुसऱ्याला महाग झालं, दुसरा गेला म्हणून तिसऱ्याला. भिशीतून एकाने अंग काढून घेतलं की बाकीच्यांची जी धावपळ होते, तसलाच प्रकार.

त्यात पैसे गोळा करणाऱ्या बाईंची फरफट वेगळीच. एका घराचे पैसे पंधरा तारखेपर्यंत यायचे नाहीत, म्हणून सगळ्यांचेच अडकायचे. वहिनीला मागायची लाज वाटायची, कारण बाईंनी स्वतःचे केव्हाच बाजूला काढून ठेवलेले असायचे. शेवटी दोघींचं बोलणं कमी झालं. पूर्वी हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाण्याइतका घरोबा होता.

एवढं सगळं झाल्यावर माझ्यापुढे वही आली होती. तेव्हा "मुलामागे बरं की बॅचमागे?" हा तिचा प्रश्न मी थोडा फिरवला. आणखी एक मूल आलं तर ते कोणाला हवंसं वाटतं? मुलामागे फी असेल तर शिकवणाऱ्याला हवं आणि पालकांना नको. बॅचमागे असेल तर पालकांना हवं आणि शिकवणाऱ्याला नको. मुलं वाढवायची आहेत आणि घरात शांतताही ठेवायची आहे, तर येणारं मूल दोघांनाही थोडं थोडं हवंसं वाटलं पाहिजे. यासाठी नव्या मुलामुळे येणारे पैसे दोघांत वाटले गेले पाहिजेत.

किती वाटायचे, हे त्या ३२ आणि तीन तासांतून निघतं. वहिनी म्हणाली, तासाला १५० रुपये सुटले तर मला समाधान आहे. मग बॅचचं काम झालं ३२ गुणिले १५०, म्हणजे ४,८०० रुपये. हे सगळ्या मुलांनी वाटून घ्यायचे. मुलाचं काम झालं तीन गुणिले १५०, म्हणजे ४५० रुपये. हे ज्याचे त्याने द्यायचे. पाच मुलं असली तर प्रत्येकाला १,४१० पडतात, सहा असली तर १,२५०, सात असली तर १,१३६, आठ असली तर १,०५०. मुलं कितीही असोत, वहिनीला तासाला दीडशे सुटतातच आणि मूल वाढलं की बाकीच्यांची फी उतरते.

कागदावर हे फार देखणं दिसतं. पण दर महिन्याला हजेरी बघून प्रत्येक आईला "या महिन्याचे १,१३६ पाठवा" असं कळवणाऱ्या बाईकडे कोणी मूल पाठवणार नाही. पालकांना जूनमध्ये एक आकडा हवा असतो, जो सहज लक्षात राहील आणि वर्षभर टिकेल. म्हणून आम्ही दोन पट्टे केले. बॅचमध्ये पाच किंवा सहा मुलं असतील तर एक फी, सात किंवा आठ असतील तर त्याहून कमी. पाचाच्या आत बॅच सुरूच करायची नाही. आठाच्या वर टेबलाला कोपरच लागतात.

इथे मी स्वतः एक चूक केली. पाच-सहा मुलांना १,३५० आणि सात-आठ मुलांना १,१५० असे पट्टे मी झोकात लिहून दिले. वहिनीने रात्री भाजी निवडता निवडता गुणाकार केला आणि सकाळी फोन केला. "भाऊजी, सहा मुलांचे ८,१०० होतात आणि सात मुलांचे ८,०५०. सातवं मूल घ्यायचं, त्याच्या दोन वह्या तपासायच्या, त्याच्या आईचे फोन घ्यायचे आणि वर पन्नास रुपये आपल्याच खिशातून घालायचे?" गणित शिकवणाऱ्या बाईला हिशेब करून देण्यातला हा धोका. पट्टा बदलतो तिथे असा खड्डा पडतो. खालच्या पट्ट्यातल्या शेवटच्या मुलापर्यंतची एकूण रक्कम आणि वरच्या पट्ट्यातल्या पहिल्या मुलाची एकूण रक्कम शेजारी शेजारी लिहायची. त्यांतला फरक निदान मुलाच्या कामाइतका, म्हणजे इथे ४५० रुपये तरी असला पाहिजे.

सुधारून पाच-सहा मुलांना १,२५० केले आणि सात-आठ मुलांना १,१५०च ठेवले. सहा मुलांचे ७,५०० होतात, सातव्यानंतर ८,०५०, आठव्यानंतर ९,२००. पाचच मुलं आली तर ६,२५० रुपये आणि ४७ तास, तासाला १३३. दीडशेच्या खालीच, पण बॅच सुरू ठेवण्यापुरते तिला ते चालणार होते. आठ मुलांना तासाला १६४ सुटतात. वरचे हे चौदा रुपये चैनीसाठी ठेवलेले नाहीत. फी सत्रात एकदाच ठरते, जुलैच्या पहिल्या तारखेला मुलं मोजून एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्यांदा. मध्येच एखादं मूल गेलं तर उरलेल्यांची फी वाढवायची नाही, तो तोटा शिकवणाऱ्याने सोसायचा. आठातलं एक गेलं तर सात मुलांचे ८,०५० येतात आणि काम ५३ तासांवर येतं, म्हणजे तासाला १५२. दुसरंही गेलं तर १३८. नववीच्या बॅचचं झालं तसं इथे एकाच्या जाण्याने दुसऱ्याला महाग होत नाही, म्हणून गळतीची साखळी पहिल्याच कडीला तुटते.

सत्राच्या मध्येच फी वाढवायची नाही, हा नियम मी काही हवेतून काढला नव्हता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अभ्यासक्रम चालू असताना फी वाढवू नये आणि पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या दिवसांचे पैसे दहा दिवसांत परत द्यावेत, असं म्हटलं आहे. त्या सूचना पन्नासहून जास्त मुलांच्या क्लासेसना उद्देशून आहेत, आठ मुलांच्या टेबलाला त्या लागत नाहीत. पण घरगुती शिकवणीला मापाचा दोरा म्हणून चांगल्या आहेत. मुलामागे निदान एक चौरस मीटर जागा हवी, असंही त्यांत आहे. वहिनीची खोली भरते अकरा चौरस मीटर. त्यातून कपाट, फळा आणि तिची खुर्ची वजा केली तर आठ हा आकडा जागेच्या हिशेबानेही बरोबरच निघतो. जीएसटीची धास्ती मात्र तिने बाळगायचं कारण नव्हतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. तिचे आठ मुलांचे वर्षाचे लाखभरही होत नाहीत. हे मी सांगायला लागलो तेव्हा तिने हसून दहावीचं बीजगणिताचं पुस्तक उघडलं. अर्थनियोजनाच्या प्रकरणात जीएसटी आहेच, दरवर्षी तीच तो शिकवते.

फी दोन भागांत मोडल्याचा आणखी एक उपयोग झाला, जो मला आधी सुचला नव्हता. घरगुती शिकवणीत सवलत मागणारे येतातच. दोन भावंडं आहेत, काहीतरी कमी करा. वडिलांची नोकरी गेली आहे, थोडं सांभाळून घ्या. पूर्वी वहिनी अंदाजाने दोनशे-तीनशे सोडायची आणि नंतर मनात घोळवत राहायची. आता तिच्यापाशी एक तळ आहे. आधीपासून चालू असलेल्या बॅचमध्ये रिकाम्या खुर्चीवर एक मूल ५०० रुपयांत बसलं तरी त्याच्या कामाचे ४५० सुटतात आणि बॅचच्या कामालाही थोडा हातभार लागतो. खुर्ची नाहीतरी रिकामीच राहणार होती. ४५०च्या खाली गेलं तर मात्र तिने ते पदरचे घातले, असं समजायचं. तसं ती एका मुलीसाठी करते. पण ते आता जाणूनबुजून करते आणि कोणाला सांगत नाही. मीही इथे याहून जास्त सांगत नाही.

एवढं करूनही नववं मूल दारात येतंच. जूनमध्ये ते आलं. आठ जणांच्या चपला दाराबाहेर, आत लंबदुभाजकावर काहीतरी चाललेलं, आणि दारात मुलाचा हात धरलेली आई : "एकाने काय होतंय, काकू? सामावून घ्या ना."

आधी हा प्रश्न मी घाईने सोडवला होता. मूल घ्या, बॅचचे दोन भाग करा, पाच आणि चार. पण बॅच दोन झाल्या की शिकवण्याचे सहा तास पुन्हा आले. तयारी तीच चालते म्हणून तेवढी सुटका, तरी महिन्याला २४ तास वाढले आणि नव्या मुलाचे तीन. सत्र सुरू झालेलं, म्हणून बाकीच्यांची फी वाढवता येणार नाही. म्हणजे २७ तासांच्या जादा कामाचे १,१५० रुपये. तासाला ४३. आठव्या मुलापर्यंत पायऱ्या छोट्या होत्या, नवव्याला एकदम मजला चढायचा. घरी शिकवणारी बरीच माणसं नेमकी इथेच दमतात. नऊ-दहा मुलं, दोन अर्धवट भरलेल्या बॅचेस, संध्याकाळ पूर्ण गेलेली आणि पैसे जवळजवळ पूर्वीइतकेच. वहिनीच्या वहीतलं "हातात काही राहत नाही" ते हेच होतं. आदल्या वर्षी दोन महिने ती नऊ मुलांना दोन बॅचेसमध्ये शिकवत होती.

दुसरी बॅच स्वतःच्या पायावर कधी उभी राहते? तिचा हिशेब वेगळा मांडायचा, कारण तयारीचे तास तिच्या खात्यावर येत नाहीत. तीन मुलं असतील तर १,२५० प्रमाणे ३,७५० रुपये आणि ३३ तास, तासाला ११४. चार मुलांना १३९. पाच मुलांना १६०. म्हणजे पाच मुलं झाली की बॅच सुरू करायला हरकत नाही. चारांवरही चालेल, जर पाचवं येईल असा भरवसा असेल. तीन मुलांवर सुरू केलेली दुसरी बॅच पहिल्या बॅचच्या कमाईवर जगते.

म्हणून त्या आईला वहिनीने नाही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. वहीच्या मागच्या पानावर नाव आणि फोन नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, "पाच जण झाले की सकाळची बॅच सुरू करते. तोवर अडलं तर शनिवारी अर्धा तास पाठवा, त्याचे पैसे नकोत." शनिवारच्या त्या अर्ध्या तासाला मी हरकत घेतली होती. महिन्याचे दोन तास होतात, म्हणजे तिच्याच दराने तीनशे रुपये, असं मी हिशेबाने दाखवलं. तिने मला चहा दिला आणि विषय बदलला.

जुन्या पालकांना नवे पट्टे कसे सांगायचे, याची तिला धास्ती होती. कारण जूनमध्ये सहाच मुलं आली असती तर १,२००चे १,२५० झाले असते आणि कारण सांगताना तिची जीभ अडखळली असती. आम्ही एक गोष्ट केली. आकडे जूनपर्यंत झाकून ठेवले नाहीत. मागच्या बॅचच्या मुलांची बोर्डाची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्येच नव्या पालकांना एका कागदावर लिहून दिलं. पाच-सहा मुलं असली तर इतके, सात-आठ असली तर इतके, आठाच्या वर कोणाला घेणार नाही. मोजणी जुलैच्या पहिल्या तारखेला. फी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, ज्याची त्याने परस्पर. दिवाळीच्या सुट्टीची फी कापली जाणार नाही, मे महिन्याची घेतली जाणार नाही. नवीन मुलाला घ्यायचं की नाही हे बाई ठरवतील. शेवटचं वाक्य नववीच्या बॅचमधल्या त्या मावसबहिणीने लिहवून घेतलं.

कागदावरची एक ओळ पालकांनी बरोबर हेरली. एप्रिलअखेर पाच नावं आली होती. पाचव्या मुलीच्या आईने कागद वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "म्हणजे आणखी दोघी आल्या तर आम्हाला शंभर रुपये कमी?" वहिनी हो म्हणाली. आठवड्याभरात त्याच शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या. त्याच आईने पाठवलेल्या. आधीच्या वर्षी हीच बाई बॅच वाढतेय म्हणून कुरकुर करणाऱ्यांत होती, आणि तेव्हा तिची मोठी मुलगी टेबलाच्या कोपऱ्यावर बसत होती.

आठवा जूनमध्ये आला. मागच्या पानावर आता चार नावं आहेत. त्यातलं एक नाव अशा मुलाचं आहे ज्याला शाळेमुळे सकाळी येता येणार नाही, त्यामुळे वहिनी ते अर्धंच मोजते.